आमची वाटचाल: मेलेल्या कोंबड्यांचं वजन

कागल तालुक्यात आमची 3,000 चौरस फुटांची ब्रॉयलरची शेड आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी ती उभी केली आणि हिशेब त्यांच्या लाल वहीत असायचा: पिल्लं किती आली, खाद्याची पोती किती आली, मर किती, पैसे किती. मी बँकेतली नोकरी सोडून घरच्या धंद्यात आले, तेव्हा ती वही एक्सेलच्या शीटमध्ये उतरवायचं काम माझ्याकडे आलं. उतरवताना पहिल्यांदा खटकली ती पोती. आबा विकत घेतलेलं सगळं खाद्य त्याच बॅचच्या नावावर टाकायचे, पण शेवटी 10-12 पोती उरायची आणि पुढच्या बॅचला जायची. 50 किलोची 12 पोती म्हणजे 600 किलो. आमच्या आकाराच्या बॅचमध्ये तेवढ्यानं एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागं लागलेलं खाद्य, 0.10 नं चुकतो. एक बॅच उगाच वाईट दिसायची, पुढची उगाच चांगली. आता खाल्लेलं खाद्य असं निघतं:

```
=सुरुवातीचा_साठा+खरेदी-शिल्लक
```

खरा धडा मात्र दोन बॅचनी दिला. एक डिसेंबरची, एक मेची. दोन्हीत पिल्लं 3,000, दोन्हीत मर 150. वहीत दोन्ही ओळी सारख्याच दिसत होत्या.

डिसेंबरची मर बहुतेक पहिल्या आठवड्यातली होती. थंडीत ब्रूडरची ऊब कमी पडली आणि पिल्लं एकमेकांवर चढून दबली. मेमध्ये मात्र 120 पक्षी वयाच्या 34 ते 36 या तीन दिवसांत गेले. दुपारी आभाळ भरून आलं, वळवाआधीचा घामट उकाडा, त्यात लाईट गेली आणि पंखे थांबले. आधी गेले ते सगळ्यात वजनदार. रोग असता तर मर आदल्या दिवसांपासून थोडी थोडी वाढत गेली असती. इथं ती दुपारी दोन ते पाचमध्ये एकगठ्ठा झाली होती.

पहिल्या आठवड्यातलं पिल्लू गेलं की पिल्लाचे 40 रुपये आणि मूठभर खाद्य जातं. पस्तिसाव्या दिवशीच्या पक्ष्यानं मात्र 2.8 किलो खाद्य खाल्लेलं असतं. 42 रुपये किलोनं ते आणि पिल्लाचे 40 धरले, की एका पक्ष्यामागं जवळजवळ 158 रुपये.

डिसेंबरमध्ये 2,850 पक्षी सरासरी 2.1 किलोनं गेले, म्हणजे 5,985 किलो. खाद्य 9,700 किलो, एफसीआर 1.62. पिल्लं, खाद्य आणि बाकीचे 30,000 रुपये मिळून जिवंत किलोला 93 रुपये पडले. मेमध्ये तेवढेच पक्षी 2 किलोनं गेले, खाद्य 10,030 किलो, एफसीआर 1.76 आणि किलोला 100 रुपये.

हे सात रुपये मरीचे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मी आबांना म्हटलं, "आबा, मेलेल्यांचंही वजन करायला हवं होतं." ते हसले, "अगं पोरी, खड्ड्यात टाकायच्या मालाला काटा कशाला?" वजन केलेलं नव्हतं, म्हणून त्या वयाचं 1.7 किलो धरलं. 120 पक्ष्यांचे 204 किलो एकूण वजनात मिळवले, तर एफसीआर 1.70 येतो. मर बाजूला ठेवली तरी डिसेंबरच्या 1.62 पर्यंत तो उतरत नाही. रुपयांत पाहिलं तर मेलेल्यांनी खाल्लेलं खाद्य किलोमागं अडीच रुपयांचं. बाकीचे साडेचार जिवंत पक्ष्यांना कमी भरलेल्या 100 ग्रॅमनी नेले. मेलेले डोळ्यांसमोर पडले होते, म्हणून त्यांचीच हळहळ. धापा टाकणारा, पाणी पिऊन पंख पसरून बसणारा पक्षी मात्र आमच्या हिशेबात कुठंच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात 2,500 पिल्लं टाकली, म्हणजे पक्ष्याला 1.2 चौरस फूट. सकाळी अकराला खाद्याची भांडी वर ओढायची आणि ऊन उतरल्यावर सोडायची. रात्री दिवा ठेवून खाऊ द्यायचं. जनरेटर घेतला, त्याचा खर्च मी या हिशेबात धरलेला नाही. सरासरी 2.08 किलो आली आणि किलोला 95 रुपये पडले. माल कमी निघाला, हे आबांना अजून रुचत नाही.

हॉटेलवाल्यांना ड्रेस केलेला माल देतो, तिथं शीटला आणखी एक रकाना लागला. जिवंत वजनाच्या सुमारे 70 टक्केच मांस हाती येतं. म्हणून डिसेंबरचा 93 चा किलो तिथं 133 होतो आणि त्या मेचा 143, कापणाऱ्याची मजुरी वेगळी. पूर्वी आम्ही वर्षभराचा एकच दर बांधून द्यायचो. आता एप्रिल-मेचा दर वेगळा सांगतो. एका हॉटेलनं त्यावरून माल बंद केला, बाकीच्यांनी मान्य केला.