आमची वाटचाल: जाळं, घड्याळ आणि सड्यावरची रेंज

मालवणात आमचं ऑफिस म्हणजे घराची माडी. तीन माणसं, चार खुर्च्या. पहिला गेम मासेमारीचा केला: जाळं टाकायचं, बांगड्यासाठी चार तास, सुरमईसाठी आठ तास थांबायचं. इथे रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून तो इंटरनेटशिवायही चालावा यावर आम्ही अडून बसलो. पुढचं सगळं दुखणं या हट्टातूनच आलं.

गेम बाजारात येऊन महिना झाला नसेल. सुट्टीला आलेल्या भाच्याने माझ्यासमोर जाळं टाकलं, सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वेळ बंद केली, तारीख एक दिवस पुढे सरकवली आणि सुरमई काढली. म्हणाला, "मामा, थांबूक कित्याक होया? तारीख फुडे केली की झाला."

आमचं पहिलं उत्तर रागातलं होतं. घड्याळ मागे गेलेलं दिसलं की खेळाडू चोर, जाळं फाटलं. तारीख पुढे नेणारा कधीतरी ती परत मागे आणणारच, असा हिशोब. आठवड्याभरात दुबईत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचं पत्र आलं. मुंबईहून जाताना विमानात खेळत होते, उतरल्यावर फोनने तिथली वेळ घेतली. ती आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे आम्ही त्यांचं जाळं फाडलं. चूक सरळ होती: आम्ही स्थानिक वेळ साठवत होतो. `System.currentTimeMillis()` 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद मोजतं, देश बदलल्याने त्यात फरक पडत नाही. तेवढी दुरुस्ती झाली, त्या गृहस्थांना सुरमई परत दिली. पण हाताने बदललेल्या तारखेला हा आकडाही फसतोच.

खरा उपाय अँड्रॉइडमध्येच होता. फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते `elapsedRealtime()` सांगतं. फोन झोपला तरी मोजणी चालू राहते आणि सेटिंगमधली तारीख तिला हात लावू शकत नाही. रेंज असेल तेव्हा सर्व्हरची वेळ घ्यायची, त्याच क्षणीचा हा आकडा शेजारी लिहून ठेवायचा, पुढचं गणित त्यावरून.

```kotlin
val now = savedServer +
    SystemClock.elapsedRealtime() - savedElapsed
```

समजा सकाळी 9 ला सर्व्हरची वेळ घेतली, जाळं टाकलं, तेव्हा फोन 50 तास चालू होता. आता आकडा 51 तास 15 मिनिटं दाखवतोय, म्हणजे वाजले सव्वादहा. भाच्याने घड्याळ संध्याकाळी 5 वर नेलं तरी बांगड्याला पावणेतीन तास बाकीच.

मग जुलै आला. आमच्याकडे जुलै म्हणजे लाईट जाणं, फोन मरणं, टॉवर बंद. फोन बंद होऊन चालू झाला की ती मोजणी शून्यापासून. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान असेल तर फोन बंद पडून गेला, अशी आमची तपासणी होती. ती बहुतेक वेळा बरोबर ठरायची. पण एका ताईंनी जाळं टाकलं तेव्हा फोन 3 तास चालू होता, रात्री तो मेला, सकाळी चार्ज करून 5 तास चालला. 5 हे 3 पेक्षा मोठे, म्हणून गेमला काही कळलंच नाही. वजाबाकी केली 2 तास. खरी वेळ गेली होती रात्रभर, आणि चार तासांचा बांगडा पाण्यातच. गंमत म्हणजे या चुकीने चोराला काहीच मिळत नाही, भुर्दंड फक्त प्रामाणिक माणसाला. त्यामुळे ती आम्हाला उशिरा सापडली. चोरी पकडायची म्हणून बसलो होतो, अशा बाजूने बघितलंच नव्हतं.

अँड्रॉइड 7 पासून फोन किती वेळा चालू झाला याचा आकडा `BOOT_COUNT` मध्ये मिळतो. आम्ही तोही सोबत लिहितो. तो बदलला की वजाबाकी करायची नाही, फोन चालू झाल्यापासूनचा अख्खा वेळ धरायचा, कारण निदान तेवढा तरी नक्की गेलेला असतो. ताईंना त्यामुळे 5 तास मिळाले असते, बांगडा हातात. फोन बंद असतानाचा वेळ मात्र आम्ही अंदाजाने देत नाही. तो रेंज येईपर्यंत राखून ठेवतो, सर्व्हरशी गाठ पडली की पूर्ण देतो.

रूट केलेल्या फोनवर हे सगळं मोडता येतं, ते मान्य. म्हणून स्पर्धेची क्रमवारी सर्व्हरच ठरवतो, फोनवरच्या मोजणीने मिळतात ते फक्त मासे. एखाद्याने स्वतःलाच फसवून शंभर सुरमया काढल्या तर त्याच्या मागे धावण्याइतकी माणसं आमच्याकडे नाहीत.

फोन बंद पडून चालू झाला आणि रेंज नसली की पूर्वी "वेळ तपासता येत नाही" असा लाल अक्षरांतला संदेश यायचा. आता येतं: "उरलेलं जाळं रेंज आल्यावर ओढू." त्यावर ताईंनी कळवलं, गुरं सोडायला सड्यावर जाते तेव्हाच ओढते.