व्हीलचेअरवरून सिंगापूर: एकाच मेट्रो लाईनवर बसवलेली चार रात्रींची ट्रिप

मागच्या महिन्यात मी आणि ताई सिंगापूरला जाऊन आलो, चार रात्री. खूप जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. आधी माझी परिस्थिती सांगते, कारण त्यावर सगळं ठरतं. पाठीच्या कण्याला टी-४ पातळीला इजा आहे, म्हणजे छातीखाली संवेदना नाही, उभं राहता येत नाही, आणि बेडवरून खुर्चीत जायला स्लायडिंग बोर्ड लागतो. खुर्ची साधी, हाताने चालवायची, चाकांसकट ६२ सेंमी रुंद. तुमच्यापैकी कोणी चार पावलं टाकू शकत असेल तर यातल्या निम्म्या अडचणी तुम्हाला येणारच नाहीत, आणि मोटरची खुर्ची असेल तर बॅटरीचं वेगळं बघावं लागेल, ते मला अनुभवातून सांगता येणार नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही प्लॅन करताना आधी ठिकाणांची यादी केली नाही, आधी मेट्रोची लाईन निवडली. सिंगापूरच्या सगळ्या मेट्रो स्टेशनांवर रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत बिनपायऱ्यांचा किमान एक रस्ता आहे हे खरंय, पण लाईन बदलायची म्हटलं की एक लिफ्ट, मग लांबच लांब कॉरिडॉर, मग दुसरी लिफ्ट, आणि प्रत्येक लिफ्टपुढे बाबागाड्या आणि सूटकेसवाले. चालणाऱ्या माणसाला चार मिनिटं लागतात तिथे आपल्याला पंधरा-वीस लागू शकतात. म्हणून डाऊनटाऊन लाईन धरली, नकाशात निळी. ही लाईन २०१३ ते २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे लिफ्ट मुळापासूनच धरलेल्या आहेत. हॉटेल बुगिस स्टेशनजवळ घेतलं. तिथून बेफ्रंट, म्हणजे गार्डन्स बाय द बे, दुसरं स्टेशन. उलट्या दिशेला लिटल इंडिया दुसरं आणि बोटॅनिक गार्डन्स पाचवं. एअरपोर्टवरून सुद्धा फक्त एक्स्पोला एकदा बदलायचं की थेट बुगिस. झू करायचं फार मनात होतं पण तिथे मेट्रो थेट जात नाही, मेट्रो मग शटल असं करावं लागतं, चार रात्रींत ते नको म्हणून सोडलं.

रूमवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. बुकिंग साईटवर 'ॲक्सेसिबल रूम' ची टिक बघून पैसे भरू नका, प्लीज. मी तीन हॉटेलांना मेल केले. पहिल्याने लगेच उत्तर दिलं, येस मॅम, फुल्ली व्हीलचेअर फ्रेंडली. मी बाथरूमचा फोटो मागितला तर आत बाथटब, आणि टबाच्या भिंतीला दांडा लावलेला! टबाची कड ओलांडून मी आत जाणार कशी, हा विचारच कोणी केला नव्हता. दुसऱ्याकडे शॉवर सपाट होता पण बाथरूमच्या दारात उंबरा, मोजून सात सेंमी. ताई म्हणाली मी चढवेन गं. पण रात्री दोन वाजता बाथरूमला जायचं तर तिला उठवायचं का, म्हणून तेही सोडलं.

तिसऱ्याला मी प्रश्न बदलून पाठवले. 'ॲक्सेसिबल आहे का' असं विचारलं की हो येतं, म्हणून आकडे मागितले आणि मेजरिंग टेप धरून फोटो काढा म्हटलं. बाथरूमचं दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती (माझ्या खुर्चीला ७० तरी हवी, त्यांची ८० निघाली). शॉवरला उंबरा आहे का, आणि बसायची सीट व हँडशॉवर एकमेकांपासून किती लांब, कारण सीट एका भिंतीला आणि शॉवर समोरच्या भिंतीला असलं की बसल्यावर हात पोचत नाही. कमोडच्या कुठल्या बाजूला खुर्ची लागते. मी डावीकडून ट्रान्सफर करते, उजवीच बाजू मोकळी असेल तर मला ते बाथरूम निरुपयोगी. आणि जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत बेड किती उंच.

हा शेवटचा प्रश्न सगळे विसरतात. माझी सीट कुशनसकट ५३ सेंमी. त्यांचा बेड निघाला ६२. नऊ सेंमी वर चढायला स्लायडिंग बोर्ड उताराचा घसरगुंडीसारखा होतो, उतरताना भरकन खाली आणि चढताना अशक्य. मी विचारलं गादीवर वेगळा टॉपर आहे का, तर होता. तो काढल्यावर ५५ झाला. दोन सेंमीचा फरक मला चालतो. त्यांनी आम्ही पोचायच्या आधी काढून ठेवला होता, आणि हे मेलमध्ये लेखी होतं म्हणून रिसेप्शनला वाद घालायची वेळ आली नाही. अर्ली चेक-इनचंही तेव्हाच लेखी घ्या. साडेपाच तासांच्या फ्लाईटनंतर मला तासभर तरी आडवं व्हावंच लागतं, नाहीतर प्रेशर सोरची भीती. दुपारी तीनपर्यंत लॉबीत बसून राहणं म्हणजे ट्रिपची सुरुवातच जखमेने.

फ्लाईटचं थोडक्यात. तिकीट काढल्यावर लगेच, निदान ४८ तास आधी, एअरलाईनला फोन करून बुकिंगमध्ये WCHC हा व्हीलचेअरचा कोड टाकून घ्या. WCHR म्हणजे जिना चढता येतो, WCHS म्हणजे जिना नाही पण सीटपर्यंत चालता येतं, WCHC म्हणजे अजिबात चालता येत नाही. फोनवरचा माणूस सवयीने पहिला कोड टाकतो आणि मग विमानाच्या दारात आयल चेअर, म्हणजे सीटांमधल्या वाटेतून जाणारी अरुंद खुर्ची, नसतेच. चेक-इनला स्वतःची खुर्ची सोडू नका, 'गेटपर्यंत यातच जाणार' असं ठाम सांगा. कुशन, साईडगार्ड, फूटरेस्ट, जे निघतं ते सगळं केबिनमध्ये घ्यायचं, आणि खुर्ची देण्याआधी चारी बाजूंनी फोटो. जाताना आमची खुर्ची टॅग असूनही विमानाच्या दाराशी न येता सामानाच्या बेल्टवर गेली. मला एअरपोर्टच्या रुंद खुर्चीत बसवलं, तिला बाजूचा आधार नाही, मला तोल नाही, ताई पूर्ण वेळ मला एका हाताने धरून चालत होती.

दिवस कसे लावले ते सांगते, कारण इथे ऊन आणि दमटपणा हा आपला खरा शत्रू. इजा इतक्या वर असली की छातीखाली घाम नीट येत नाही, शरीर तापतं आणि आपल्याला कळतं उशिरा, डोकं गरगरायला लागलं की. म्हणून सकाळी साडेदहापर्यंत बाहेर, दुपारी एसीत, संध्याकाळी परत बाहेर. पाण्याची स्प्रे बाटली सतत मांडीवर, मान आणि हातांवर मारत राहायची.

पहिल्या सकाळी बोटॅनिक गार्डन्स. बाग पहाटे पाचला उघडते, एंट्री फ्री, आणि गेट स्टेशनच्या तोंडाशी. आम्ही साडेसातला आत होतो. वाटा गुळगुळीत, पण नॅशनल ऑर्किड गार्डन (याला मात्र तिकीट आहे) स्टेशनच्या गेटपासून बऱ्यापैकी लांब आणि मधे चढ-उतार. ताईने ढकलूनही दोनदा थांबलो. एकटे असाल तर तिकडच्या गेटपर्यंत टॅक्सीने जा आणि परत येताना मेट्रो धरा.

गार्डन्स बाय द बे आम्ही मुद्दाम दुपारी ठेवलं. फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट हे दोन्ही काचेचे घुमट आतून थंड असतात, बाहेरून आल्यावर अंगावर काटा येतो इतके. क्लाउड फॉरेस्टमध्ये लिफ्टने वर जायचं आणि वरून सुरू करायचं. हवेत तरंगणाऱ्या पुलावर मी खुर्चीवरून गेले, खाली जाळी, बाजूला धबधब्याचे तुषार तोंडावर, आणि कठडा असा की बसलेल्या माणसालाही खालचं दिसतं. मी तिथे अर्धा तास होते, ताई दोनदा बोलवायला आली. संध्याकाळी सुपरट्री, म्हणजे तिथल्या उंच कृत्रिम झाडांखाली पावणेआठ आणि पावणेनऊला लाईट शो असतो, फुकट. पावणेआठचा बघा आणि संपायच्या पाच मिनिटं आधी निघा. आम्ही शेवटपर्यंत थांबलो आणि मग बेफ्रंटच्या लिफ्टला इतकी रांग की चौथ्या खेपेला आत शिरलो.

लिटल इंडियाबद्दल खरं सांगते, तिथे मी सगळ्यात जास्त वैतागले. जुन्या दुकानांपुढे जो छपराखालचा फूटपाथ असतो त्याला फाईव्ह-फूट वे म्हणतात, ब्रिटिश अधिकारी रॅफल्सच्या १८२२ च्या नगररचनेपासूनची पद्धत. पण प्रत्येक दुकानापुढची पातळी वेगळी. एकापुढे चालून गेलात की पुढच्यापुढे एक पायरी, मग परत खाली, शिवाय बाहेर मांडलेला माल. तिथे जायचंच नाही. सरळ रस्त्याकडेच्या फूटपाथने जा किंवा कॅम्पबेल लेनमध्ये शिरा, ती फक्त पायी चालणाऱ्यांची आहे. जेवायला टेक्का सेंटर. हॉकर सेंटरची स्टुलं जमिनीत पक्की बसवलेली असतात, सरकत नाहीत, त्यामुळे टेबलाच्या एका बाजूला स्टूलच नाही असं टेबल शोधायचं. ते एका टोकाला मिळालं, गुडघे नीट आत गेले, आणि मी चार दिवसांत पहिल्यांदा ताट मांडीवर न घेता टेबलावर ठेवून डोसा खाल्ला.

परत येताना बस घेऊन बघितली. आता तिथल्या सगळ्या सार्वजनिक बस व्हीलचेअर चढेल अशा आहेत. ड्रायव्हर स्वतः उतरतो, मधल्या दाराची घडीची रॅम्प जमिनीवर उलगडतो, आपण आत जाऊन पाठ टेकायच्या पॅडला टेकून मागे तोंड करून बसायचं, ब्रेक लावायचे. उतरायचं असेल तेव्हा खुर्चीचं चित्र असलेलं निळं बटण दाबायचं, साधं लाल नाही, म्हणजे ड्रायव्हरला कळतं की रॅम्प काढायचीय. गर्दीच्या वेळेला खुर्चीची जागा आधीच भरलेली असू शकते, मग पुढच्या बसची वाट बघायची.

आणि परतीचं. मुंबईला उतरल्यावर केबिन क्रू म्हणाले मॅडम बाहेर खुर्ची आहे, चला. मी विचारलं कुठली, माझी का एअरपोर्टची? त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, माझी दारात आलेली कोणीतरी बघून या, तोवर मी सीटवरच बसते. वीस मिनिटं लागली, सफाईवाले आत आले होते, पण खुर्ची खालून वर आली. ताईने फोनमधले फोटो काढून दारातच चाकं, ब्रेक, कॅस्टर सगळं ताडून बघितलं आणि मगच मी आयल चेअरवर सरकले.