स्क्रीनवरून काढलेल्या पावतीच्या फोटोतले पट्टे आणि चमक कशी काढली

हर्णै बंदरातल्या काही मच्छीमार नौकांचा हिशेब मी ठेवते. खर्चात सगळ्यात मोठा आकडा डिझेलचा असतो, आणि त्यावरच्या कराचा परतावा मागायचा तर प्रत्येक पावतीतले लिटर, दर, रक्कम आणि नौकेचा नंबर बिनचूक लागतो. मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, मी हे सगळं एकगठ्ठा बसून भरते. पावत्या इतक्या असतात की मजकूर मी टेसेरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने वाचून घेते.

छापील पावतीचा त्रास नाही. त्रास होतो तो असा फोन आला की: "वहिनी, प्रिंटर बंद आहे. कॉम्प्युटरवरच्या पावतीचाच फोटो काढून पाठवलाय, चालेल ना?" पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट मिळत असेल तर मी तोच मागते, पण काउंटरवरच्या माणसाला गर्दीत तेवढी सवड नसते. मग हाती येतो इंद्रधनुषी लाटा उठलेला आणि मधोमध खिडकीचं पांढरं प्रतिबिंब पडलेला फोटो.

या दोन दोषांची जात वेगळी आहे, हे कळल्यावरच माझं काम सोपं झालं. लाटा, म्हणजे मॉयरे, ही अक्षरांवर चढलेली भर असते. खालचं अक्षर बहुतेक वेळा शाबूत असतं, त्यामुळे भर उतरवता येते. चमक जिथे पूर्ण पांढरी झाली तिथे मात्र खाली काहीच उरलेलं नसतं. तिथला आकडा दुसऱ्या फोटोतूनच आणावा लागतो.

मॉयरे येतो तो दोन जाळ्यांमुळे. स्क्रीन बारीक ठिपक्यांची जाळी, कॅमेऱ्याचा सेन्सरही तशीच जाळी. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरल्या की सरकणारे पट्टे दिसतात ना, तसंच. फोन बराच लांब असेल तर स्क्रीनची जाळी कॅमेऱ्याला दिसतच नाही. अगदी जवळ असेल तर ठिपका न् ठिपका स्वच्छ येतो. मधल्या अंतरावर दोन्ही जाळ्या जवळपास सारख्या मापाच्या होतात आणि रुंद पट्टे उठतात.

खरी गोम अक्षराच्या रेघेच्या जाडीत आहे. स्क्रीनवर पावती १०० टक्के आकारात उघडी असते तेव्हा अक्षराची रेघ जेमतेम एक-दोन ठिपक्यांची असते. म्हणजे जाळी आणि रेघ एकाच मापाची. जाळी पुसायला गेलं की रेघही जाते. म्हणून मी आता नौका चालवणाऱ्या तांडेलांना आधीच सांगून ठेवलंय: काउंटरवरच्या माणसाला `Ctrl` आणि `+` दाबून पावती २०० टक्के मोठी करायला लावा, दोन तुकड्यांत फोटो काढावे लागले तरी चालेल. जाळी तेवढीच राहते, रेघ दुप्पट जाड होते. याच्याइतका फरक पुढच्या कुठल्याही खटपटीने पडत नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवा आणि फ्लॅश बंद ठेवा, हेही सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, कारण साधा पाठवला की तो लहान होतो आणि त्या आकुंचनात नवा मॉयरे तयार होतो.

अशाच एका पावतीचं सांगते. फोटो मोठा करून पाहिला तर स्क्रीनचा एक ठिपका फोटोतल्या सुमारे ४ पिक्सेलांएवढा होता, आकड्यांची उंची ८० पिक्सेलांच्या आसपास आणि रेघ ८ ते १२. मग फोटो किंचित धूसर करणारा गॉसियन ब्लर दिला, सिग्मा, म्हणजे धूसरपणाचं माप, २. माझा ठोकताळा असा: सिग्मा जाळीच्या मापाच्या निम्मा. तेवढ्यात जाळी जवळजवळ नाहीशी होते आणि जाड रेघ टिकते. नंतर फोटो निम्मा केला. आकड्यांची उंची ४० झाली, ती टेसेरॅक्टला छान मानवते. फोटो आधी कृष्णधवल करायचा, कारण मॉयरेचा बराचसा भाग रंगांतच असतो आणि तो इथेच फिका पडतो.

जाळी पुसायला आजूबाजूच्या पिक्सेलांतलं मधलं मूल्य घेणारा मीडियन फिल्टर मात्र मी वापरत नाही. त्याने जाळी जाते, पण दशांशचिन्हाचा टिंबही जाऊ शकतो, आणि ९२.४० चे ९२४० होतात.

चमकेसाठी त्या तांडेलाकडे दोन फोटो होते. दुसरा काढताना फोन वीतभर बाजूला घ्यायला सांगितला होता आणि दोन्ही वेळा एक्स्पोजर लॉक करायला. प्रतिबिंब स्क्रीनच्या पृष्ठभागावर नसतं, म्हणून फोन सरकला की तेही पावतीवरून सरकतं. दोन्ही फोटोंत पावतीच्या चौकटीचे चार कोपरे हाताने टिपून OpenCV च्या `getPerspectiveTransform` आणि `warpPerspective` ने दोन्ही एकाच मापात बसवले. स्क्रीन सपाट असल्यामुळे चार कोपरे पुरतात. आपोआप खुणा शोधणारी पद्धत इथे फसते, कारण ती अक्षरांऐवजी मॉयरेचे पट्टे पकडते आणि पट्टे प्रत्येक फोटोत जागा बदलतात. चमक ही वरून मिळालेली जास्तीची उजेडाची भर, म्हणून प्रत्येक जागी दोहोंतला गडद पिक्सेल ठेवायचा. उरलेले रुंद पट्टे पार्श्वभूमीने भागून सपाट होतात.

```python
import cv2, numpy as np
# a, b: कृष्णधवल, कोपरे जुळवलेले दोन फोटो
def saaf(g):
    g = cv2.GaussianBlur(g, (0, 0), 2)
    return cv2.resize(g, None, fx=0.5, fy=0.5,
                      interpolation=cv2.INTER_AREA)

m = np.minimum(saaf(a), saaf(b))
bg = cv2.dilate(m, np.ones((25, 25), np.uint8))
bg = cv2.medianBlur(bg, 51)
out = cv2.divide(m, bg, scale=255)
```

इथला मीडियन चालतो, कारण तो अक्षरांवर नसून अक्षरं पुसलेल्या पार्श्वभूमीवर आहे. `out` उघडून आधी आकड्यांच्या कडा बघायच्या. कडा दुहेरी दिसल्या तर कोपरे नीट टिपले गेलेले नाहीत, परत टिपायचे. पट्टे अक्षराएवढेच रुंद असतील तर ना ब्लर उपयोगी पडतो ना भागाकार. पट्टा आणि रेघ वेगळी करायला काही आधारच उरत नाही. अशा वेळी मी सरळ नवा फोटो मागते, फोन थोडा मागे घेऊन. पावसाळ्यात काउंटरवर काळी छत्री असतेच. ती फोन धरणाऱ्याच्या पाठीमागे उघडून धरली की खिडकीचं प्रतिबिंबच पडत नाही, आणि दुसऱ्या फोटोची गरजही बहुधा उरत नाही.

त्या पावतीतून शेवटी ४५०.०० लिटर, दर ९२.४० आणि रक्कम ४१,५८०.०० असं आलं. ४५० गुणिले ९२.४० बरोबर ४१,५८० होतात, म्हणून तिन्ही आकडे मी तसेच घेतले. ४५० च्या जागी ४८० वाचलं गेलं असतं तर गुणाकार ४४,३५२ झाला असता आणि लगेच पकडलं गेलं असतं. दशांशचिन्ह हरवलं तर फरक शंभरपटीचा पडतो. तारीख, पावती क्रमांक आणि `IND-MH` ने सुरू होणारा नौकेचा नंबर यांना मात्र अशी गुणाकाराची साक्ष नसते. ते मी साफ केलेल्या चित्रावरून घेतच नाही. मूळ फोटो मोठा करून डोळ्यांनी वाचते आणि नंबर नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहते.