लोकेश्वराच्या दारात पुन्हा लिहिलेला गोषवारा

परिषदेला पाठवायचा गोषवारा घरूनच लिहून नेला होता. अडीचशे शब्दांची मर्यादा आणि विषय बदामीच्या चालुक्यांच्या राजस्त्रियांनी दिलेला मंदिराश्रय. पहिलंच वाक्य होतं: ‘विक्रमादित्य दुसरा याच्या कांचीविजयाचं स्मारक म्हणून त्याच्या राण्यांनी पट्टदकलला दोन मंदिरं बांधली.’ बहुतेक पुस्तकांत असंच छापलेलं असतं. सोलापूरहून बदामीला जाताना गाडीत ते दोनदा वाचलं, तेव्हा काही खटकलं नाही.

बदामीहून पट्टदकल बावीसेक किलोमीटर. सकाळी आठला पोचले, तेव्हा विरूपाक्षाच्या गाभाऱ्यात पूजा चालू होती. इथल्या एवढ्या मंदिरांत नित्य पूजा टिकलेलं हे ठळक ठिकाण. समोर नंदीमंडप, त्याच्या पुढे पूर्वेचं महाद्वार आणि पलीकडे उत्तरेकडे वाहणारी मलप्रभा. मला बघायचा होता तो महाद्वारावरचा जुन्या कन्नडमधला लेख.

कोवळं ऊन तिरपं पडलं होतं, त्यामुळे अक्षरांच्या कडांना सावली आली होती. दुपारी डोक्यावरच्या उन्हात हीच ओळ सपाट दिसते, म्हणून शिलालेख बघायला जाणाऱ्यांनी सकाळचीच वेळ धरावी. लेखात राजाची बिरुदं आहेत, कांची तीनदा जिंकल्याचा उल्लेख आहे आणि त्यानंतर त्याच्या राणीचं, लोकमहादेवीचं, नाव येतं. मंदिर तिचं, देव ‘लोकेश्वर’. आणि लेख कोरायचं निमित्त मंदिर बांधणाऱ्या सूत्रधाराचं: त्याला दिलेला सन्मान आणि ‘त्रिभुवनाचारी’ ही पदवी.

मी तिथेच पायरीवर बसले आणि माझं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. विजय खोटा नव्हता, पण त्या वाक्यात राणी नुसती बांधणारी उरली होती, बांधण्यामागचं निमित्त सगळं राजाचं. इथे मात्र एका कारागिराचा मान राणीच्या देवळाच्या दारावर नोंदलेला होता. याच मंदिरातला दुसरा एक लेख तर आणखी पुढे जातो. विजयादित्यानं, म्हणजे तिच्या सासऱ्यानं, गायकांना जे हक्क करारानं दिले होते, ते लोकमहादेवीनं कायम केले, असं त्यात आहे. इथे कर्ती तीच आहे. देऊळ उभं करणं हा आश्रयाचा एक भाग. त्या देवळाभोवती जगणाऱ्या माणसांचे हक्क सांभाळणं हा दुसरा. माझ्या मसुद्यात हा दुसरा भाग नव्हताच.

मग शेजारच्या मल्लिकार्जुनाकडे गेले. हे लोकमहादेवीच्या सख्ख्या बहिणीचं, त्रैलोक्यमहादेवीचं. दोघी हैहय कुळातल्या, दोघी एकाच राजाच्या राण्या. आराखडा जवळपास तोच, आकार लहान, शिखराचा माथा मात्र गोल घुमटासारखा. ते तिनं बांधवलं हे ठामपणे सांगता येतं ते तिचा मुलगा कीर्तिवर्मा दुसरा याच्या काळात, इ.स. ७५४ च्या सुमारास, ज्ञानशिवाचार्यांनी उभारलेल्या त्रिशूळस्तंभावरच्या लेखामुळे. एकच मजकूर तिथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या अशा दोन लिपींत कोरलाय. त्यात देवळाचं नाव त्रैलोक्येश्वर.

ही दोन्ही नावं आज कुणाच्या तोंडात नाहीत. बाहेरच्या चहावाल्या काकांना मी विचारलं, “लोकेश्वराचं देऊळ कोणतं?” त्यांनी मान हलवली. “विरूपाक्ष विचारताय का? मग ते समोरच आहे.” राजाराण्या स्वतःच्या नावावरून देवाचं नाव ठेवत. नाव बदललं की देणारी माणसाच्या आठवणीतून जाते आणि उरते फक्त दगडावर. तो दगड वाचणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे वाढते, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी बदामीजवळच्या महाकूटच्या देवळांपाशी थांबले. तिथल्या एका लेखात विनापोटी येते, विजयादित्याची ‘प्राणवल्लभा’. तिनं हिरण्यगर्भ हे सोन्याचं महादान केलं, देवासाठी माणकांचं पीठ करवलं, चांदीचं छत्र दिलं, जमीन दिली. आणि लेखात तिची ओळख आईच्या आणि आजीच्या नावानं आहे. ती पट्टराणी नव्हती. ‘राजस्त्रिया’ या माझ्या शीर्षकातल्या शब्दात तिला बसवायचं की नाही, यावर मी बराच वेळ तळ्याच्या काठावर बसून होते. शेवटी बसवलं. राजदरबाराशी नातं लग्नाचंच असायला हवं, अशी अट तो लेख घालत नाही.

एक गोष्ट मात्र गोषवाऱ्यात स्पष्ट लिहिली: या लेखांवरून पैसा राणीच्या स्वतःच्या उत्पन्नातून आला की राजाच्या खजिन्यातून, हे ठरत नाही. ‘राणीचं आर्थिक स्वातंत्र्य’ हे शब्द म्हणून खोडले.

रात्री लॉजवर नवं पहिलं वाक्य लिहिलं: ‘लोकमहादेवीनं पट्टदकलला लोकेश्वराचं देऊळ बांधवलं आणि तिथल्या गायकांचे जुने हक्क कायम केले.’ कांची तिसऱ्या वाक्यात गेली.