भिडे पूल पाण्याखाली जाण्याची वाट

रविवार, आषाढातील संध्याकाळ

प्रिय मित्रा,

पावसाळ्याच्या तुला मनापासून शुभेच्छा. मस्कतच्या उन्हाळ्यात या शुभेच्छांचे काय करायचे, असे तुला वाटेल. पण आज संध्याकाळी नदीकाठी उभा असताना तुझी इतकी आठवण झाली की घरी येताच, ओले कपडे बदलून, प्रथम ही वही उघडली.

पुण्यात चार दिवस भुरभुर आहे. छत्री उघडावी तर पाऊस नाही आणि मिटावी तर चष्म्यावर थेंब, असा आपला नेहमीचा पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग आपला बहुतेक भार उतरवतात आणि शहरावर उरलेसुरले शिंपडतात, हे आपल्याला भूगोलाच्या पुस्तकात वाचावे लागले नाही. ते आपण नदीकडे पाहून शिकलो. आठवते ना, आठवीतल्या त्या जुलैमध्ये डेक्कनवर ऊन पडले होते, रस्ते कोरडे होते, आणि तरीही नदीपात्रातून पोलिसांची गाडी भोंग्यावरून गाड्या हलवण्याची सूचना देत फिरत होती. आकाश निरभ्र असताना पूर येणार, हे मला पटेना. तेव्हा तूच मला समजावलेस की इथल्या पावसाशी मुठेचा फारसा संबंध नाही. पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांच्या डोंगरांत काल रात्री काय झाले, ते महत्त्वाचे. ही तिन्ही धरणे खडकवासल्याच्या वर, आणि खडकवासला त्या मानाने अगदी लहान. वरून पाणी आले की ते लवकर भरते आणि मग दरवाजे उचलण्यावाचून गत्यंतर नसते.

त्या दिवसापासून सकाळचे वर्तमानपत्र आपण शेवटून वाचेनासे झालो. क्रीडापानाआधी धरणांचा पाणीसाठा पाहायचा आणि विसर्ग किती क्यूसेक आहे ते तुझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर, हे तुझ्या वडिलांनी सांगितले, तेव्हा आपण लगेच तुमच्या न्हाणीघरातील बादली मोजायला गेलो होतो. ती 14 लिटरची निघाली. दर सेकंदाला दोन बादल्या! दहा हजार क्यूसेक म्हणजे सेकंदाला वीस हजार बादल्या, असा हिशेब करून आपण दोघेही काही क्षण गप्प बसलो. तुझ्या आजी मात्र आतून म्हणाल्या, ‘‘बादल्या कसल्या मोजता, बाळांनो, आम्ही एकसष्ट पाहिलंय.’’ 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, तेव्हा पाणी कोणत्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले होते, हे त्या सांगत असताना त्यांचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यापर्यंत जात असे. तो हात मला अजून दिसतो.

पूल पाण्याखाली जाण्याआधीच्या खुणा तूच शोधून काढल्या होत्यास. पहिल्यांदा पाण्याचा रंग बदलतो. काळपट संथ पाणी तांबूस, गढूळ होते. मग जलपर्णीचे पुंजके एकामागून एक वेगाने वाहू लागतात, आणि पुलाला अडले की गोल फिरतात. त्यानंतर पोलीस दोन्ही टोकांना अडथळे लावतात. हे तिसरे घडले की आपण लकडी पुलाच्या कठड्याकडे धाव घेत असू, कारण भिडे पुलावरून पाण्याचा पहिला पातळ पापुद्रा सरकताना पाहायला तिथे आधीच गर्दी झालेली असे. तो क्षण फार शांत असतो. पाणी उसळत नाही, आवाज करत नाही. रस्ता फक्त चमकू लागतो, आणि थोड्या वेळाने रस्ता नसतोच. मग एक कणीस दोघांत, लिंबू-तिखट चोळलेले, आणि परतताना अमृततुल्यात आल्याचा चहा, तोही बहुधा एकच, दोन कपांत.

आज मी तिथेच गेलो होतो. पाणी पुलाच्या खाली दीड-दोन हात असावे. रंग बदलला आहे. जलपर्णी अजून सुटी सुटीच येते आहे. घाटात जोर असल्याची बातमी सकाळी होती, त्यामुळे उद्या-परवा, असा माझा अंदाज. कणीस घेतले, पण अर्धे झाल्यावर, सवयीने, दुसऱ्या बाजूला हात पुढे केला.

पूल बुडाला की मी कठड्यावरूनच तुला फोन करीन. तिथे तेव्हा दीड तास मागे असेल. तू कामात असलास तरी उचल. बोलू नकोस हवे तर, पाण्याकडे बघणाऱ्या माणसांचा गलबला तेवढा ऐक.