हजार व्ह्यूजचे पस्तीस रुपये आणि बारा जणींची बॅच

इंदूरला रामबागेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. तिथंच खिडकीशी फोन लावून मी मेकअप शिकवायचे व्हिडिओ करते, हिंदीत. मला आधी वाटायचं, हे व्हिडिओ लग्नाच्या मुली बघत असतील. पण खाली येणारे प्रश्न नीट वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की बहुतेक जणी देवास, उज्जैन, खंडवा इकडच्या लहान पार्लरवाल्या आहेत. त्यांना स्वतःचा चेहरा रंगवायचा नव्हता, गिऱ्हाइकाचा रंगवायचा होता. हे कळायला मला दीड वर्ष लागलं आणि चॅनलचे पैसे त्यानंतरच यायला लागले.

तोपर्यंत सगळा जीव जाहिरातींत अडकलेला. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला यूट्यूबवर 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहणं, एवढं लागतं. मी धडाधड शॉर्ट्स टाकले. हजार झाले, तास मात्र तीनशेवर अडून राहिले, कारण शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोक जो वेळ घालवतात तो या 4,000 तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सचा मार्ग वेगळा आहे, त्याला 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज लागतात. मग वहीत हिशेब मांडला. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. माझे व्हिडिओ लोक सरासरी 4 मिनिटं बघत होते, म्हणजे 60,000 व्ह्यूज हवे. त्या दिवसापासून शॉर्ट्स कमी केले आणि एकच गोष्ट पूर्ण शिकवणारे बारा-पंधरा मिनिटांचे व्हिडिओ करायला घेतले. सात महिन्यांत आकडा गाठला.

मग पत्ता पडताळणीचं कार्ड. गूगलच्या अ‍ॅडसेन्समध्ये, जिथं जाहिरातींचे पैसे साठतात, 10 डॉलर जमले की घरी टपालानं पिन येतो. मी पत्त्यात घर नंबर अर्धवट लिहिला होता, पहिलं कार्ड आलंच नाही. पत्ता दुरुस्त करून पुन्हा मागवलं. पैसे 100 डॉलर झाल्याशिवाय खात्यात येत नाहीत. मला हजार व्ह्यूजमागे साधारण 35 रुपये मिळत होते आणि महिन्याला 80,000 व्ह्यूज, म्हणजे 2,800 रुपये. तीन-साडेतीन महिन्यांतून एकदा पैसे जमा व्हायचे. त्यातच सगळ्यात जास्त चाललेल्या नवरीच्या व्हिडिओला मी मागं सिनेमातलं गाणं लावलं होतं. त्यावर कॉपीराइटचा दावा आला आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे गेली. आता मागं फक्त माझा आवाज असतो.

वळण आलं ते एका आलेखामुळे. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओ लोक कुठं सोडतात, कुठं मागं नेऊन पुन्हा बघतात, याची रेघ दिसते. गव्हाळ रंगावर बेस कसा करायचा या व्हिडिओत रेघ सगळीकडे उतरत होती आणि नवव्या मिनिटाला एकदम वर चढली होती. तिथं मी फाउंडेशनच्या तीन शेड जबड्यापासून मानेपर्यंत ओढून 15 मिनिटं तशाच ठेवल्या होत्या आणि मग कोणती काळपट पडली ते दाखवलं होतं. खाली प्रश्नही तेच : “दीदी, माझा बेस अर्ध्या तासात राखाडी का पडतो?”

मी यावर सहा तासांचा रेकॉर्डेड कोर्स केला, 1,499 रुपयांना. फक्त 11 जणींनी घेतला. घेतलेल्यांपैकीही बऱ्याच जणींनी अर्ध्यावर सोडला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला लागल्या की बघा ना, काय चुकलं. तेव्हा उमगलं की त्यांना व्हिडिओ नको होता, तो तर फुकट होताच. त्यांना हवं होतं त्यांच्या हाताखालचा चेहरा बघून कुणीतरी सांगणं.

म्हणून लाइव्ह बॅच घेतली. 12 जणी, चार आठवड्यांत आठ तास, फी 3,500. वेळ दुपारी अडीच ते साडेतीन, कारण तेव्हा घरचं आवरलेलं असतं आणि पार्लरला गर्दी नसते. दर तासानंतर घरपाठाचे दोन फोटो : एक खिडकीच्या उजेडात, एक अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून. फोनचा ब्यूटी मोड बंद आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि कातडीवरचे ठिपके, रेघा पुसल्या जातात. देवासच्या एकीचा बेस प्रत्येक फोटोत राखाडी. ती गिऱ्हाइकाला खूश करायला दोन शेड उजळ, गुलाबी झाक असलेलं फाउंडेशन लावायची. पिवळसर गव्हाळ कातडीवर ते राखेसारखं दिसतं. मी तिला मानेशी जुळणारी पिवळ्या झाकेची शेड घ्यायला लावली आणि डोळ्यांखालच्या काळेपणावर आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात. पुढच्या फोटोत चेहरा आणि मान एक झाली होती. एका बॅचचे 42,000 आले, म्हणजे जाहिरातींचे पंधरा महिन्यांचे पैसे. बाराच्या वर मी जात नाही. एका वेळी सोळा घेतल्या तेव्हा फोटो बघायला रात्रीचा एक वाजायचा आणि शेवटच्या चौघींना मी नीट उत्तरं दिली नाहीत.

या बॅचमुळेच प्रायोजित व्हिडिओंबद्दल मला कडक व्हावं लागलं. एका कंपनीनं लूज पावडरसाठी 12,000 देऊ केले. त्यांनी लिहून दिलेल्या संवादात होतं, फ्लॅशमध्ये अजिबात पांढरं दिसत नाही. डबीवर घटकांच्या यादीत पहिलंच नाव सिलिका. बारीक सिलिका फ्लॅशचा उजेड परत फेकते, म्हणून जाड थर दिला की कपाळ, नाक, डोळ्यांखाली पांढरे डाग उमटतात. मी अंधारात फोटो काढला, डाग दिसले. दिवसाच्या कार्यक्रमाला, हलक्या हातानं लावली तर पावडर चांगली होती, आणि तेवढंच बोलते असं मी कळवलं. त्यांना ते नको होतं. मी काम सोडलं. त्या महिन्यात घरी पैशाची गरज होती, तरी मला दुसरं काही करता आलं नसतं. माझ्या बारा जणी तीच पावडर आणून नवरीला लावणार, आणि अल्बम आल्यावर शिव्या त्यांना बसणार.

आता मी आधी चार गोष्टी लिहून घेते : वस्तू दहा दिवस वापरून मगच होकार, न तपासलेला दावा नाही, पैसे किती दिवसांत, आणि माझा चेहरा त्यांच्या जाहिरातीत वापरायचा तर किती महिने आणि त्याचे वेगळे पैसे. अपलोड करताना “Includes paid promotion” ची खूण करते. शिवाय जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे दोन मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर ही जाहिरात आहे असं सांगणारी पट्टी पडद्यावर राहिली पाहिजे. मी तिथं हिंदीत ‘विज्ञापन’ लिहिते. फुकट आलेल्या वस्तूबद्दलही सांगते. वर्षात दोन-तीनच कामं जमतात, आणि एकाचे पैसे हातात यायला दोन महिने लागले.

पुढची बॅच नऊवारीची घ्यायची आहे. इथल्या पार्लरवाल्यांना मराठी घरांतून ते काम येतं आणि काष्टा कुणाला धड जमत नाही. अडचण कॅमेऱ्याची आहे. काष्टा मागं खोचतात आणि पुढून लावलेल्या फोनला तो दिसत नाही. म्हणून वहिनीला उभं करून, मागं दुसरा फोन लावून सध्या तालीम चालू आहे. दोन्हीकडचं चित्र एकाच पडद्यावर नीट दिसलं की फीचा आकडा ठरवीन.