तुम्ही विचारलंत म्हणून: न जुळणारा तक्ता

“अगं, फोनवर सेकंदात खरा दर दिसतो. मग बाहेरदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला हा कागदाचा तक्ता काहून करून देतेस? तोही गोल आकड्यांचा, दोन्ही बाजूंनी न जुळणारा?”

फोनवरचा दर खरा असतो, पण आपल्याला त्या भावाने कोणी पैसे देत नाही. व्हिएतनामचंच घ्या. समजा नागपूरला बर्डीवर २०० डॉलर घेतले आणि जीएसटी धरून १८,००० रुपये गेले. तिथे त्या डॉलरचे ५१,४०,००० डोंग हातात आले. म्हणजे हजार डोंग आपल्याला साडेतीन रुपयांना पडले. फोन त्याच दिवशी ३.३५ दाखवत असेल, तर दाखवू दे. मी साडेतीननेच हिशेब मांडते. निघण्याआधी तिथला भाव अंदाजाने धरावा लागतो. पहिले डॉलर मोडले की मला कळवायला सांगते आणि फार फरक असला तर तक्ता बदलून पाठवते.

आता न जुळण्याचं. डाव्या बाजूला डोंगचे रुपये आहेत. ती खर्च करताना बघायची, म्हणून तिथे आकडा वर नेते: १०,००० चे ३५ होतात, मी ४० लिहिते; ५ लाखांचे १,७५० होतात, मी १,८०० लिहिते. उजव्या बाजूला रुपयांचे डोंग आहेत. ती किती मिळतील हे बघायची, म्हणून तिथे खाली उतरवते: हजार रुपयांचे २,८५,७१४ होतात, मी २,८०,००० लिहिते. चाळीसच्या हिशेबाने हजारचे अडीच लाखच व्हायला हवेत, हे मलाही दिसतं. दोन्हीकडे चूक एकाच दिशेला जावी, म्हणजे खिशात अंदाजापेक्षा कमी कधी निघू नये, म्हणून ते तसं आहे. जवळच्या आकड्यावर गोल केलं असतं, तर कधी इकडे, कधी तिकडे झुकलं असतं.

आणि कागदच का, तर मोठ्या आईमुळे.

मोठी आई आणि मोठेबाबा व्हिएतनामला, सायगॉनला गेले तेव्हा तक्ता नव्हता, दोघांच्या फोनमध्ये ॲप होतं. बाजाराबाहेर तिने नारळपाणी घेतलं, २०,००० डोंगचं. ॲपमध्ये बघितलं, सदुसष्ट रुपये. बरोबर होतं. पर्समधून निळी नोट काढून दिली, नारळ घेतला, निघाली. तिथली वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. चेहरा दोन्हींवर हो ची मिन्हचाच, रुंदी सारखी, शून्यांची रांग लांबच लांब. रात्री मोठेबाबा पलंगावर नोटा मांडून बसले तेव्हा कळलं. ४,८०,००० डोंग जास्त गेले होते, म्हणजे १,६८० रुपये. कोणी मुद्दाम घेतले की त्या बाईलाही गर्दीत कळलं नाही, कोण सांगणार. मोठेबाबा एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर मोठी आईने पर्सच त्यांच्याकडे देऊन टाकली. संसाराचा हिशेब आयुष्यभर जिने ठेवला, ती चहालासुद्धा त्यांच्याकडे पैसे मागायची. पैसे गेल्याचं मला काही वाटत नाही. याचं वाटतं.

फोन हाताशी आहे, मग आणखी काय हवं, असं तेव्हा मीही म्हणत होते. आणि फोन चुकला नव्हताच. त्याने किंमत सांगितली. हातातली नोट कोणती, हे तो सांगत नव्हता. म्हणून आता डावीकडच्या ओळी म्हणजे तिथल्या नोटाच आहेत, दहा हजारांपासून पाच लाखांपर्यंत, प्रत्येकीपुढे तिचा रंग. तिथे हजारानंतर टिंब देतात आणि हॉटेलात ५०,००० ला नुसतं ‘५० के’ लिहितात, तेही वर लिहिलेलं असतं. कार्ड १४ सेंटीमीटर लांब कापते. वीस हजारांची नोट १३.६ सेंटीमीटर, ती कार्डाच्या आत राहते. पाच लाखांची १५.२, ती बाहेर डोकावते. चष्मा नसला तरी बोटाला कळतं.

माझा मामेभाऊ म्हणतो, ३५ चे ४० म्हणजे चौदा टक्के फुगवलेत, म्हाताऱ्या माणसांना तू उगाच घाबरवतेस. मामीने कॉफी महाग वाटली म्हणून घेतली नाही, हे त्याने मला दोनदा ऐकवलंय. मोठ्या नोटांना हा फरक तीन टक्क्यांच्या आत राहतो, लहान नोटांना खरंच जास्त होतो. मग त्या ओळीत ३५ लिहावं का? पस्तीसचा पाढा चालता चालता म्हणता येत नाही, चाळीसचा येतो. पुढच्या महिन्यात मामा-मामी पुन्हा निघालेत. त्यांच्या तक्त्यात ती ओळ अजून कोरीच आहे.